नोकरी गेल्यावर गृहकर्जाचा हप्ता: बँकेकडे सवलत कशी मागायची आणि कोणते पुरावे लागतात

नोकरी गेली आणि डोक्यावर गृहकर्ज आहे, अशा कुटुंबांसाठी हा लेख आहे. माझी चाकणच्या एका कारखान्यातली नोकरी विभागच बंद झाल्यामुळे गेली, तेव्हा या सगळ्यातून आम्ही गेलो. त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन घरांचे अर्ज तयार करायलाही मदत केली. अडकायला होतं ते बहुतेक सगळ्यांना त्याच त्याच ठिकाणी.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करते. २०२० च्या मार्च ते ऑगस्टमध्ये सगळ्यांना हप्ते पुढे ढकलायची मुभा होती, त्यामुळे ‘बँकेत जाऊन मोरेटोरियम मागायचा, मिळतो’ असं अजूनही बरेच जण सांगतात. ती मुभा कोविडपुरती होती. तिच्यामागून आलेली कर्ज पुनर्रचनेची खास योजनाही सप्टेंबर २०२१ अखेर नव्या अर्जांसाठी बंद झाली. आज नोकरी गेली म्हणून सवलत मिळणं हा तुमचा हक्क नाही. प्रत्येक बँकेचं स्वतःचं धोरण असतं आणि त्या चौकटीत अधिकारी तुमचा प्रस्ताव तपासतो. तपासताना त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: उत्पन्न खरोखर तुटलंय का, आणि सवलत दिली तर हे कर्ज पुन्हा रुळावर येईल का. पहिल्याचे पुरावे लोक गठ्ठ्याने नेतात, दुसऱ्याचं काहीच नेत नाहीत. नकार बहुतेक वेळा तिथेच येतो.

## १. खात्यावर आज काय स्थिती आहे ते बघा

‘तीन हप्ते थकले की एनपीए’, म्हणजे बँकेच्या लेखी बुडायच्या वाटेवरचं कर्ज, असं सर्रास म्हटलं जातं, पण मोजणी हप्त्यांची नसते, दिवसांची असते. समजा तुमचा हप्ता ५ जूनला होता आणि तो गेला नाही. त्याच दिवशी खातं थकीत धरलं जातं. ५ जुलैला ३० दिवस होतात, ४ ऑगस्टला ६० आणि ३ सप्टेंबरला ९०. प्रत्येक टप्प्यावर बँकेच्या यादीत तुमचं खातं एक पायरी खाली सरकतं आणि ९० दिवसांनंतर ते एनपीए होतं. ही नोंद संगणक रोज रात्री करतो, शाखेतल्या ओळखीच्या साहेबांच्या हातात ती नसते. एकदा एनपीए झालं की एक हप्ता भरून सुटका होत नाही, आधीची सगळी थकबाकी चुकती करावी लागते.

म्हणून अर्जाची वेळ पहिला हप्ता बाउन्स होण्याच्या आधीची. नोटीस पीरियड चालू असतानाही अर्ज देता येतो. नियमित खात्यावर बोलणी कर्ज विभागाशी होतात, थकलेल्या खात्यावर वसुली विभागाशी. या दोन टेबलांवर तुमच्याशी बोलायची भाषाच वेगळी असते.

हप्ता नॅचने, म्हणजे ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप जात असेल, तर शिल्लक नसताना तो तसाच जाऊ देऊ नका. बाउन्सचे पैसे तुमची बँकही कापते आणि कर्ज देणारी संस्थाही. शिवाय पुरेसे पैसे नसल्यामुळे नॅच परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो, चेक बाउन्ससारखाच.

## २. पुनर्रचना मागण्याआधी तिच्याशिवाय भागतं का ते तपासा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बँकेत कोणी तो आपणहून सांगत नाही. आर्थिक अडचणीमुळे बँकेने कर्जाच्या अटी सैल केल्या, की रिझर्व्ह बँकेच्या नियमांत त्याला ‘पुनर्रचना’ म्हणतात. एरवीच्या नियमाप्रमाणे असं खातं नियमित असलं तरी पुनर्रचना होताच खालच्या वर्गात, म्हणजे एनपीएच्या पहिल्या पायरीवर टाकलं जातं. पुढे किमान एक वर्ष नव्या अटींप्रमाणे चोख पैसे भरल्याशिवाय ते वर येत नाही. सिबिलमध्येही ‘रिस्ट्रक्चर्ड’ अशी नोंद जाते. त्यानंतर काही काळ नवं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड मिळणं अवघड होतं.

ही किंमत मोजायची गरज आहे का, हे आधी ठरवा. आम्ही जो हिशेब लावला तो सोपा होता. हातातले पैसे पूर्ण हप्त्याने किती महिने पुरतात ते काढलं, आणि नवी नोकरी लागायला किती महिने लागतील याचा प्रामाणिक अंदाज त्याच्याशेजारी लिहिला. पैसे दोन-तीन महिने जास्त पुरत असतील, तर पुनर्रचनेच्या वाटेला जाऊ नका, हप्ता चालू ठेवा.

त्याआधी या जागाही बघून घ्या. तुमचं गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट प्रकारचं असेल आणि त्यात जादा पैसे टाकलेले असतील, तर ते काढून हप्ता भरता येतो. त्यात कसलीच सवलत मागावी लागत नाही. तुमचा व्याजदर जुना आणि चढा असेल, तर बँकेकडे ठरावीक शुल्क भरून तो आजच्या दरावर आणता येतो का ते विचारा. कर्जासोबत विमा घेतला होता का, तेही कागद काढून बघा. काही पॉलिसींमध्ये नोकरी गेल्यास साधारण तीन हप्ते विमा कंपनी भरते. मात्र कंपनीने कमी केलं असेल तरच. राजीनामा दिला असेल, प्रोबेशनवर असाल किंवा शिस्तभंगावरून काढलं असेल, तर दावा बसत नाही. दावा करायची मुदतही ठरलेली असते.

आणि एक मोह टाळा. फुल अँड फायनलचे पैसे आले की ‘कर्जात भरून टाकू, हप्ता कमी होईल’ असं घरातली मोठी माणसं सांगतात. खाली दिलेल्या आमच्या कर्जात एक लाख रुपये भरले असते, तर हप्ता फक्त हजार रुपयांनी उतरला असता. ते एक लाख हातात असले तर कित्येक महिन्यांची तूट भरून निघते.

## ३. उत्पन्न तुटल्याचे पुरावे गोळा करा

बँकेला लागणाऱ्या कागदांची यादी अशी:

- कंपनीचं सेवासमाप्तीचं किंवा रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या दिवसाच्या तारखेसह
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा
- फुल अँड फायनलचा हिशेब
- घरातल्या सगळ्या खात्यांची सहा महिन्यांची (काही ठिकाणी वर्षाची) स्टेटमेंट
- पीएफचं पासबुक
- फॉर्म १६ आणि फॉर्म २६एएस
- सहकर्जदाराच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६
- इतर कर्जं आणि कार्डांची चालू स्टेटमेंट

यादी देणं सोपं आहे, पण अडचण पहिल्याच कागदाला येते. बऱ्याच कंपन्या माणसांना काढताना ‘राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र स्वच्छ मिळेल’ असं सांगतात आणि माणूस देतो. मग रिलीव्हिंग लेटरवर ‘आपला राजीनामा स्वीकारण्यात आला आहे’ एवढंच असतं. बँकेचा अधिकारी ते वाचतो आणि विचारतो, नोकरी तुम्हीच सोडली ना? स्वतःहून सोडली असेल तर अडचण तुम्ही ओढवून घेतली, असं धरायला तो मोकळा होतो.

राजीनामा अजून दिलेला नसेल, तर त्यात कारण लिहा: ‘कंपनीने माझा विभाग बंद केल्यामुळे व तसं मला कळवल्यामुळे’. आधीच देऊन बसला असाल, तर स्वतःच्या खाजगी मेलवरून एचआरला दोन ओळी लिहा. शेवटचा दिवस कोणता, आणि पद रद्द झाल्यामुळे सेवा संपली, एवढ्याला दुजोरा द्यावा, इतकंच मागा. एचआरच्या माणसांना एरवी या वाक्याचं वावडं नसतं, कारण त्यात कंपनीवर आरोप नाही. त्यांचं उत्तर छापून जोडा. फुल अँड फायनलच्या कागदावर नोटीसचा पगार किंवा भरपाईची रक्कम दाखवली असेल, तर तीही कंपनीनेच कमी केल्याची खूण आहे. त्या ओळीखाली रेघ मारून ठेवा.

कंपनी काहीच लिहून देत नसेल, किंवा मुळात छोट्या दुकानात, वर्कशॉपमध्ये पत्राविना नोकरी असेल, तर तिसऱ्याच ठिकाणच्या नोंदी कामाला येतात. पीएफच्या पासबुकात मालकाचा भरणा कोणत्या महिन्यात थांबला हे दिसतं आणि ती नोंद तुम्ही किंवा बँक बदलू शकत नाही, म्हणून तिला वजन असतं. तिथे ‘डेट ऑफ एक्झिट’ भरलेली आहे का ते बघा. कंपनीने भरली नसेल, तर शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटल्यावर तुम्ही स्वतः यूएएन पोर्टलवर ती भरू शकता. पीएफही नसेल, तर दरमहा जमा होणारा पगार थांबल्याचं बँक स्टेटमेंट आणि सोबत स्वतःचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर उभं राहावं लागतं.

आता स्टेटमेंटबद्दल. आमची फाईल पाहिली त्या बाईंनी पहिलं पान उलटायच्या आधी पेन उचललं आणि स्टेटमेंटच्या काढलेल्या रकमांच्या रकान्यावरून वरून खाली नेलं. पगाराच्या ओळींकडे त्यांनी बघितलंही नाही. ‘हे पंचवीस हजार कॅश कशासाठी?’ आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे होते, पावती फाईलमध्ये होती, विषय संपला. पावती नसती तर तो प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळला असता. म्हणून नोकरी गेल्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या रकमेपुढे पेन्सिलने कारण लिहा आणि जमेल तिथे पावती लावा. अर्जाच्या तोंडावर भावाच्या किंवा मेहुण्याच्या खात्यात मोठी रक्कम वळती करू नका. तुमचा हेतू साधा असला, तरी कागदावर ते पैसे लपवल्यासारखं दिसतं. इतर कर्जही दडवू नका. बँक तुमचा सिबिल रिपोर्ट काढतेच, आणि त्यात न सांगितलेलं पर्सनल लोन सापडलं की बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो. तुमचा रिपोर्ट तुम्हालाही वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो आधीच काढून वाचा.

## ४. घराचा जमाखर्च एका पानावर मांडा

कर्ज रुळावर येईल हे पटवणारा कागद हाच, आणि तो कोणत्याही कार्यालयातून मिळत नाही, स्वतःच लिहावा लागतो. आमचा असा होता. आकडे थोडे गोल केले आहेत.

बाकी कर्ज ३२ लाख, व्याज ८.७५ टक्के, उरलेली मुदत १८० महिने, हप्ता ३१,९८२ रुपये. माझा पगार बंद. नवऱ्याचा हातात येणारा पगार ४१,०००.

दरमहा खर्च: किराणा, दूध, भाजी ११,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,५००, वीज, गॅस, मोबाइल ३,०००, मुलीची शाळा महिन्याला सरासरी ५,०००, सासूबाईंची औषधं २,५००, जाण्यायेण्याचा खर्च ३,०००, विम्याचे हप्ते २,०००. एकूण ३०,०००. म्हणजे कर्जासाठी महिन्याला ११,००० उरतात. फुल अँड फायनलमधले हातात उरलेले १,२०,०००.

पूर्ण हप्ता भरायचा तर दरमहा २०,९८२ रुपये साठ्यातून काढावे लागणार, आणि साठा सहा महिनेही पुरणार नाही. फक्त व्याज भरायचं झालं, तर पहिल्या महिन्याचं व्याज २३,३३३. म्हणजे साठ्यातून १२,३३३ लागतील आणि तोच साठा नऊ महिन्यांहून जास्त चालेल.

शेवटचं हे वाक्य आम्ही पानाच्या तळाशी ठळक लिहिलं होतं. अडचण किती, मदत किती हवी आणि मदत मिळाली तर काय बदलेल, हे तीन आकड्यांत दिसतं.

खर्च लिहिताना दोन्ही टोकं टाळा. किराणा चार हजार लिहिला तर खोटा वाटतो. उलट क्लब, महागडा क्लास, नव्या गाडीचा हप्ता तसाच ठेवलात, तर बँक म्हणते आधी ते बंद करा. जे बंद केलं त्याची वेगळी ओळ लिहा. आम्ही एक एसआयपी थांबवली होती आणि तिच्या बंद केल्याचा मेल जोडला होता.

याच पानामागे पुढच्या उत्पन्नाचा भाग लावा. मुलाखतींचे मेल, एखादी ऑफर आली असेल तर ती, मधल्या काळात केलेल्या कामाची बिलं, शिकवण्या घेत असाल तर त्यांचे जमा झालेले पैसे. ऑफर हातात नसली तरी चालतं. शोध खरोखर चालू आहे आणि तुमच्या कामाला बाजारात मागणी आहे, हे कागदावरून दिसायला हवं.

## ५. नेमकं काय मागायचं ते ठरवा

‘काहीतरी सवलत द्या’ असा अर्ज बहुधा पडून राहतो. वाटा मुख्यतः तीन असतात आणि त्यांची किंमत फार वेगवेगळी असते. आमच्याच कर्जावर करून दाखवते, व्याजदर तोच राहिला असं धरून.

मुदत वाढवणं. उरलेली १५ वर्षं वाढवून २० केली, तर हप्ता ३१,९८२ वरून २८,२७९ वर येतो. पाच वर्षं वाढवून महिन्याला सुटतात फक्त ३,७०० रुपये. लोकांना ही वाट सगळ्यात आधी सुचते, पण पगारच बंद असताना एवढ्याने भागत नाही. वयाची अटही आड येते, कारण निवृत्तीच्या वयाच्या फार पलीकडे मुदत नेली जात नाही.

सहा महिने पूर्ण सुट्टी. काहीच भरायचं नाही, व्याज मुद्दलात मिळवायचं. सहा महिन्यांनी कर्ज ३२ लाखांचं सुमारे ३३ लाख ४२ हजार होतं. हप्ता तोच ठेवला तर तो पुढे १९८ महिने भरावा लागतो, म्हणजे कर्ज मूळ तारखेच्या दोन वर्षं नंतर फिटतं आणि एकूण साडेपाच लाखांहून जास्त पैसे जादा जातात. सहा महिन्यांत न भरलेले हप्ते होते १ लाख ९२ हजारांचे. हा आकडा बघितला की सुट्टीचं आकर्षण कमी होतं.

सहा महिने फक्त व्याज. दरमहा २३,३३३ भरायचे, मुद्दल जागच्या जागी थांबतं. नंतर जुनाच हप्ता १८० महिने. कर्ज सहा महिने उशिरा फिटतं, जादा जातात ते या सहा महिन्यांच्या व्याजाचे १ लाख ४० हजार.

घरात एक तरी पगार चालू असेल, तर तिसरी वाट मागा. दुसरी वाट ज्यांच्या घरात सगळंच उत्पन्न थांबलंय त्यांच्यासाठी. बँकांनाही तिसरी वाट सोयीची जाते, कारण दरमहा काहीतरी भरणा होत राहतो.

## ६. अर्ज लिहा आणि पोच घ्या

अर्ज एका पानाचा पुरे. आम्ही लिहिलेला मसुदा साधारण असा:

> मा. शाखा व्यवस्थापक,
> विषय: गृहकर्ज खाते क्र. … – तात्पुरत्या सवलतीसाठी विनंती
>
> मी व माझे पती वरील कर्जाचे सहकर्जदार आहोत. आजपर्यंत एकही हप्ता थकलेला नाही. माझा विभाग बंद झाल्यामुळे माझी नोकरी दि. … रोजी संपली. घराचे मासिक उत्पन्न ९९,००० वरून ४१,००० रुपयांवर आले आहे.
>
> पुढील सहा महिने फक्त व्याज भरण्याची व त्यानंतर मुदत सहा महिन्यांनी वाढवून पूर्वीचाच हप्ता चालू ठेवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. जमाखर्चाचा तक्ता व कागदपत्रे सोबत जोडली आहेत.
>
> मंजुरीपूर्वी कृपया लेखी कळवावे: (१) ही सवलत पुनर्रचना म्हणून नोंदवली जाईल का, (२) सिबिलला काय कळवले जाईल, (३) व्याजदरात बदल किंवा शुल्क असेल तर किती.

शेवटचे तीन प्रश्न गाळू नका. त्यांची उत्तरं तोंडी प्रत्येक जण वेगळी देतो.

अर्जावर सगळ्या सहकर्जदारांच्या सह्या हव्यात, जामीनदार असेल तर त्यालाही आधी सांगा. शाखेत दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि तोच अर्ज बँकेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तरी शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर अर्ज कधी दिला याचा पुरावा हाच.

## ७. उत्तर येईपर्यंत

शाखा बहुतेक वेळा निर्णय घेत नाही, फाईल कर्ज विभागाकडे किंवा विभागीय कार्यालयाकडे जाते आणि वेळ लागतो. अर्ज दिला म्हणजे हप्ता थांबला असं नाही. मंजुरीपत्रावर सह्या होईपर्यंत जुनाच हप्ता देय असतो. आम्ही तेवढे दिवस साठ्यातून पूर्ण हप्ता भरला. अगदीच शक्य नसेल तर निदान व्याजाएवढी रक्कम कर्जखात्यात भरा आणि पावती फाईलला लावा. हप्ता तरीही थकीतच दिसेल, पण थकबाकी कमी राहते आणि देण्याची इच्छा कागदावर येते.

पगाराचं खातं आणि कर्ज एकाच बँकेत असेल तर एक लक्षात ठेवा. थकबाकी झाली की तुमच्या बचत खात्यातली शिल्लक त्यात वळती करून घेण्याचा अधिकार बँकेला असतो. शाळेची फी आणि किराण्याचे पैसे त्यात सापडू नयेत एवढी काळजी घ्या. ते पैसे दुसऱ्या खात्यात ठेवले तर ते खातं जमाखर्चात दाखवायचं, लपवायचं नाही.

याच दिवसांत ‘सिबिल साफ करून देतो’, ‘सेटलमेंट करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन येऊ लागतात. गृहकर्जात सेटलमेंट म्हणजे एकरकमी कमी पैसे देऊन हिशेब मिटवणं, आणि ते सिबिलवर ‘सेटल्ड’ म्हणून उमटतं. पुनर्रचनेपेक्षा तो डाग वाईट. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपवरून हप्ता भरायचा विचार तर मनातही आणू नका.

## ८. मंजुरीपत्र सही करण्याआधी वाचा

सवलतीचा काळ संपल्यावर हप्ता किती आणि कोणत्या तारखेपासून, हे आकड्यात लिहिलेलं हवं. सोबत परतफेडीचं नवं वेळापत्रक मागा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख बघा. सहा महिन्यांच्या सवलतीत मुदत तीन वर्षांनी वाढली असेल, तर कुठेतरी व्याज मुद्दलात मिळवलंय.

दंडाची ओळ तपासा. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये काढलेल्या आदेशानुसार थकलेल्या हप्त्यावर दंडात्मक ‘व्याज’ लावता येत नाही, दंडाचं शुल्क लावता येतं आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर लेखी हरकत घ्या.

नॅचचा जुना आदेश पूर्ण हप्त्याचा असतो. सवलतीच्या काळात खात्यातून कमी रक्कम जाणार आहे ना, की नवा आदेश द्यायचा आहे, हे विचारून घ्या. पत्रावर फक्त व्याजाची रक्कम आणि खात्यातून पूर्ण हप्ता, असं होऊन पहिल्याच महिन्यात बाउन्स झालेला आमच्या शेजारच्या घरात पाहिलाय. कर्जाला जोडलेला आयुर्विमा जुन्या मुदतीपुरताच असतो, हेही बघा.

## ९. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर

नकार लेखी मागा, कारणासह. कागद कमी पडला असेल तर तो जोडून पुन्हा द्या. उत्तरच येत नसेल, तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करा. त्याचं नाव आणि ईमेल बँकेच्या संकेतस्थळावर असतं. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते.

इथे अपेक्षा नीट ठेवा. सवलत द्यायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि लोकपाल त्यात पडत नाही. अर्जाला उत्तर न देणं, चुकीचं शुल्क, सिबिलवर चुकीची नोंद, वसुलीवाल्यांचा त्रास, या गोष्टींवर मात्र तक्रार चालते. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई आहे. असे फोन आले तर कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा.

खातं एनपीए होऊन, बँकेला तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस आली, तर ती कपाटात ठेवू नका. त्या नोटिशीत ६० दिवसांची मुदत असते. त्या काळात तुम्ही लेखी म्हणणं मांडलं, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. तुमचा जमाखर्चाचा तक्ता आणि शिक्का मारलेला अर्ज इथेही जोडा. बँकेने त्यानंतर ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. या टप्प्याला वकील लागतोच.

## १०. नवी नोकरी लागली की

बँकेला कळवा आणि सवलत मुदतीआधी बंद करता येते का ते विचारा. आम्ही पाचव्या महिन्यापासून पूर्ण हप्ता सुरू केला. फ्लोटिंग व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जावर आगाऊ भरण्याचा दंड लागत नाही, त्यामुळे बोनस किंवा उरलेला साठा तेव्हा कर्जात भरायला हरकत नाही. भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असं लेखी द्या, नाहीतर काही ठिकाणी हप्ता उतरवतात आणि मुदत तशीच राहते. वर्षभर नियमित भरणा झाला की खात्याचा वर्ग बदलला का हे शाखेत विचारा, आणि त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने सिबिल रिपोर्ट काढून तिथेही तो बदल पोचलाय का ते बघा. पोचला नसेल तर सिबिलच्या संकेतस्थळावर डिस्प्यूट टाका आणि सोबत बँकेलाही मेल करा.